फोटोतलं हिरवं रान



मंठ्याच्या काळ्या रानात झड लागली, की सोयाबीन पिवळं पडतं.
पाणी साचल्यानं मुळांना हवा आणि लोह मिळत नाही.
पुढे ऊन पडतं, वाफसा येतो...
आणि बरेचदा तेच पीक आपोआप हिरवं होतं.

आता जाहिरातीतले दोन फोटो आठवा.
आधी पिवळं रान. नंतर हिरवंगार.
मधे टॉनिकची बाटली.
पण हिरवेपणा बाटलीचा, की वाफशाचा?
त्या फोटोंवरून हे कळत नाही.

दुकानदारांनो, फोटो दाखवायचाच, तर असा काढा.
त्याच रानात चार तासं फवारणीविना सोडा.
मग फवारलेली आणि न फवारलेली तासं
एकाच दिवशी, एकाच उजेडात, शेजारी शेजारी टिपा.
फरक नसेल, तर तेही सांगा.
शेतकरी शेजाऱ्याचं रान रोज बघतो. त्याला फसवणूक कळतेच.

दुसरी गोष्ट, खोटी घाई.
मोबाईलवर संदेश येतो, "शेवटचे दहा डबे, आजच या!"
गोदाम मात्र भरलेलं असतं.
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली
ऑनलाइन विक्रीतल्या अशा खोट्या घाईला मनाई केली.
माल खरंच संपत आला असेल, तर जरूर सांगा.
भरलेलं गोदाम लपवून सांगू नका.

आणि शेतकरी मंडळी, तुम्हाला सांगतो,
फोटो पाहिला, की विचारा... न फवारलेली तासं कुठं आहेत?
पक्की पावती घ्या.
फसवणूक झाली, तर ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.
क्रमांक आहे १९१५.
एक, नऊ, एक, पाच.