आषाढी मागं-पुढं का होते?

मंडळी, आषाढ म्हणजे ढोबळमानानं जून-जुलै. पण नेमकी तारीख धराल तर ती हलते. पाहा, २०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला होती, २०२५ साली ६ जुलैला. अकरा दिवस अलीकडे! का बरं? चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याच्या वर्षाला ३६५ लागतात. अशीच मागं सरकत राहिली तर काही वर्षांत आषाढी भर उन्हाळ्यात येईल. मग पेरणी उरकून वारीला निघायचं कसं? म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास धरतात. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणून आषाढी २५ जुलैला. तिथी चंद्राची, ऋतू सूर्याचा. दोघांची गाठ घालतो तो अधिक मास. बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!