पाटी वाचल्यासारखं बोलू नका : आमच्या मसाल्याच्या जाहिरातीची गोष्ट

आपल्या गटातल्या बऱ्याच जणी आता वस्तू विकायला मोबाईलवर छोटी फिल्म करून घेतात किंवा गावातल्या केबलवर जाहिरात देतात. आम्हीही दिली होती आणि पहिल्या वेळी फसलो. ते नंतर कसं दुरुस्त केलं, तेवढंच आज सांगतो.

त्या उन्हाळ्यात आम्ही गटाच्या कर्जातून मिरची घेतली आणि कांदा-लसूण मसाला केला. पाकिटं भरून तयार होती आणि हप्ता तोंडावर आला होता. म्हणून तालुक्याच्या गावी केबलवर अर्ध्या मिनिटाची जाहिरात द्यायचं ठरलं. मजकूर एका जाहिरातवाल्याकडून लिहून घेतला. तो असा होता :

‘सदर महिला बचत गटामार्फत पारंपरिक पद्धतीने निर्मित, स्वच्छ व दर्जेदार कांदा-लसूण मसाला माफक दरात उपलब्ध करून देण्यात येत आहे. संरक्षक रसायनविरहित असा हा मसाला आपल्या आहाराची लज्जत द्विगुणित करतो. अधिक माहितीसाठी खालील भ्रमणध्वनी क्रमांकावर संपर्क साधावा.’

ऐकायला भारदस्त वाटलं. पंधरा दिवस जाहिरात चालली आणि फोन आले दोन. त्यातल्या एका मावशींनी विचारलं, “अर्ज कुठं करायचा? रेशनकार्ड लागतं का?” त्यांना ती सरकारी योजना वाटली! आधी आम्ही हसलो, मग लक्षात आलं की मावशींचं काही चुकलं नव्हतं. ‘सदर’, ‘मार्फत’, ‘देण्यात येत आहे’ हे शब्द आपल्या कानावर पडतात ते ग्रामपंचायतीच्या दवंडीत आणि नोटिशीत. शब्द ऐकताच माणूस ओळखतो, बोलतंय कोण. आमच्या मजकुरात मसाला करणारी बाई कुठंच नव्हती, बोलत होतं ऑफिस.

मग आम्ही मजकूर पुन्हा लिहायला बसलो आणि पहिल्यांदा वेगळीच चूक केली. साधं म्हणजे गावरान, असं समजून प्रत्येक वाक्यात ‘लई भारी’, ‘आवं ताई’ घातलं. फिल्म करण्याआधी ते बाजारात भाजी विकणाऱ्या एका ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आमची टिंगल करताय का?” खरंच होतं. आमच्यातलं कुणीही गिऱ्हाइकाशी तसं बोलत नाही, मालिकेतली माणसं बोलतात. शिवाय अगदी एका गावचा शब्द चार गावं पलीकडं कळत नाही. आपल्याला हवी ती रोजच्या दुकानावरची भाषा, ना दवंडीची, ना नाटकाची.

तिसऱ्या वेळी आम्ही कागद बाजूला ठेवला. गटातली एक जण गिऱ्हाईक झाली, दुसरीनं तिला मसाला विकला आणि तिसरीनं फोनवर रेकॉर्ड केलं. ते ऐकून लिहून काढलं, तेव्हा फरक डोळ्यांसमोर आला. बोलताना कुणीही ‘निर्मित’ किंवा ‘तयार करण्यात आलेला’ म्हणालं नव्हतं. ‘आम्ही करतो’, ‘आम्ही कुटतो’ असंच होतं. ‘व’ एकदाही आला नव्हता, ‘आणि’ होता. लांबलचक वाक्य नव्हतं, एका वाक्यात एकच काम होतं. अडीचशे ग्रॅमला सगळ्या ‘पाव किलो’च म्हणाल्या, आणि भ्रमणध्वनी कुणाच्याच तोंडी नव्हता, फोन होता. फोन, पाकीट, ऑर्डर हे शब्द इंग्रजीतून आले असले तरी आपलेच झालेत. ते काढायची गरज नाही.

लिहितानाही एक काळजी घ्यावी लागते. कागदावर ‘भाजलेले खोबरे’ लिहिलं, की वाचणारी तसंच वाचते आणि आवाज शाळेतल्या धड्यासारखा होतो. म्हणून ‘भाजलेलं खोबरं’ असा अनुस्वार देऊनच लिहायचं. किंमतही आकड्यात न लिहिता अक्षरात लिहायची, म्हणजे वाचणारी अडखळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो ‘संरक्षक रसायनविरहित’ला. आम्ही लगेच ‘यात केमिकल नाही’ असं केलं. सोपं झालं, पण खोटं झालं. आमच्यातली एक शेतकरीण म्हणाली, “मिरचीवर फवारणी होते की. केमिकल नाही कसं म्हणायचं?” मूळ शब्दाचा अर्थ एवढाच होता, की मसाला टिकावा म्हणून वेगळं काही घातलेलं नाही. शब्द सोपा करताना वचन मोठं होऊ द्यायचं नाही. याच कारणानं ‘रोगप्रतिकारक शक्ती वाढते’ हे कुणीतरी सुचवलेलं वाक्यही आम्ही घेतलं नाही. खाण्याच्या वस्तूबद्दल दिशाभूल करणारा दावा जाहिरातीत करता येत नाही, त्यासाठी 2018 सालचे अन्नसुरक्षेचे नियम आहेत. लायसन्स नंबर, वजन, तारीख हे मात्र पाकिटावर नियमानं छापतात तसंच ठेवायचं. तिथं बोलीभाषा आणायची नाही.

मग घड्याळ लावलं. आमच्या बायका आरामात बोलतात तेव्हा अर्ध्या मिनिटात साठेक शब्द होतात. त्याहून जास्त घातले की धाप लागते. म्हणून चित्रात जे दिसतं ते बोलायचं नाही असं ठरलं. फोन नंबर पडद्यावर मोठ्या आकड्यांत ठेवला, बोललो नाही. रेडिओवर असता, तर दोनदा सावकाश सांगावा लागला असता. शेवटी मजकूर असा झाला :

‘ही मिरची बघा. देठ आम्ही हातानं काढतो, कडक उन्हात वाळवतो. कांदा, लसूण, खोबरं तेलात भाजतो आणि सगळं डंकावर कुटतो. हा आमच्या गटाचा कांदा-लसूण मसाला. टिकावा म्हणून वरून काही घालत नाही, मीठ-तेलावरच टिकतो. रस्सा करा, आमटी करा. पाव किलोचं पाकीट, एकशे चाळीस रुपये. सोमवारच्या बाजारात एस.टी. स्टँडसमोर आम्ही बसतो. यायला जमलं नाही, तर फोन करा. गावात घरी आणून देऊ.’

यात ‘दर्जेदार’ नाही, ‘माफक’ही नाही. देठ हातानं काढतो म्हटल्यावर दर्जा कळतो, आणि किंमत सांगितली की माफक आहे का ते गिऱ्हाईकच ठरवतं.

हे पक्कं करण्याआधी आम्ही एक परीक्षा घेतली. फिल्म पाच जणींना एकेकदाच दाखवली आणि विचारलं, “काय सांगितलं यात?” कळलं का, असं विचारायचं नाही, कारण सगळ्या ‘हो’ म्हणतात. त्यांना सांगायला लावायचं. पाचातल्या चौघींनी किंमत आणि सोमवारचा बाजार बरोबर सांगितला. आधी आम्ही ‘दळतो’ लिहिलं होतं, पण दोघींनी सांगताना ‘डंकावर कुटतात’ म्हटलं. आम्ही तोच शब्द उचलला. ऐकणारी सांगताना जो शब्द बदलते, तो तिचा शब्द बरोबर असतो.

या जाहिरातीनं एका आठवड्यात सगळा माल संपला असं नाही. पण फोन यायला लागले आणि त्यातले प्रश्न बदलले. “तिखट किती आहे?”, “अर्धा किलो मिळेल का?” असं बायका विचारू लागल्या. अर्जाचं कुणी विचारलं नाही. हप्ताही वेळेत गेला.

तुमच्याकडं पापड असतील, शेवया असतील. लिहून आलेला मजकूर वाचू नका. आधी एकमेकींना विकून बघा, रेकॉर्ड करा, आणि मग लिहा.