बिलाच्या तळाच्या चार ओळी

गटाच्या बिलाखाली पुष्कळदा बारीक अक्षरांत एकच वाक्य असतं: ‘सदर रक्कम देयक दिनांकापासून 30 दिवसांचे आत अदा न केल्यास द.सा.द.शे. 18 दराने व्याज आकारणेत येईल’, आणि त्यालाच चिकटून बँकेचे आकडे. दुकानदार ते वाचतच नाही. म्हणून 1 मेच्या, 6000 रुपयांच्या पापडाच्या बिलाखाली आम्ही असं लिहितो:

पैसे द्यायची शेवटची तारीख: 31 मे
उशीर झाल्यास व्याज: महिन्याला 90 रुपये
खात्याचं नाव, बँक, शाखा
खाते क्रमांक, आयएफएससी

दिवस मोजायला लावण्यापेक्षा तारीख बरी. वर्षाला 18 टक्के म्हणजे महिन्याला दीड टक्का, 6000 वर 90 रुपये. खात्याचं नाव पासबुकावर आहे तसंच लिहावं. खाते क्रमांक चार-चार आकडे सोडून लिहिला की वाचताना चुकत नाही. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे.

एक मात्र सांभाळा. व्याजाची अट ऑर्डर घेतानाच लिहून, दुकानदाराची सही घ्यावी. नुसती बिलावर छापली, तर ‘हे ठरलंच नव्हतं’ म्हणायला तो मोकळा राहतो.