बेरजेतून गळलेल्या रकमा

एका गृहनिर्माण सोसायटीत चोवीस सदनिका आहेत आणि देखभाल खर्च दरमहा अडीच हजार रुपये. सगळ्यांनी पैसे भरले. खजिनदारांनी काही रकमा एक्सेलमध्ये हाताने टाइप केल्या, काही बँकेच्या वेबपेजवरून उचलून चिकटवल्या. बेरीज यायला हवी साठ हजार, आली पंचेचाळीस हजार. पडद्यावर मात्र चोवीसही रकमा नीट दिसतात.

फरक पंधरा हजारांचा, म्हणजे सहा सदनिकांचा. या सहा रकमा एक्सेलच्या लेखी संख्या नाहीतच, तो नुसता मजकूर आहे. `SUM` रकान्यातला मजकूर मुकाट्याने ओलांडून जातो. हे मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर वरच्या ‘रक्कम’ या मथळ्यावरच बेरीज अडली असती. पण ओलांडल्याचं सांगत नाही, हे मला खटकतं.

मग ओळखायचं कसं? संख्या उजवीकडे सरकून बसते, मजकूर डावीकडे. कोणी सगळा रकाना मध्यभागी आणून ठेवला असेल, तर मात्र ही खूण पुसली जाते. त्यापेक्षा मोजून घ्यावं.

```
=COUNT(B2:B25)
=COUNTA(B2:B25)
```

पहिलं सूत्र फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेले सगळे चौकोन. इथे अठरा आणि चोवीस आले.

बहुतेक जण आता चौकोनाचा प्रकार बदलून Number करतात, आणि काहीच घडत नाही. त्याने पुढे काय टाइप कराल ते बदलतं. आत आधीच बसलेला मजकूर तसाच राहतो. रकाना निवडा, Data मध्ये Text to Columns उघडा आणि काही न बदलता थेट Finish दाबा. एक्सेल प्रत्येक नोंद नव्याने वाचतं. आपल्या उदाहरणात बेरीज पंचावन्न हजारांवर गेली. दोन रकमा अजून बाहेरच.

त्या दोन्हींच्या शेवटी वेबपेजवरून आलेली एक न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली होती. ती साधी स्पेस नव्हे, तिचा क्रमांक १६०. `TRIM` तिला हात लावत नाही. शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे लिहून खालपर्यंत ओढा:

```
=VALUE(SUBSTITUTE(B2,CHAR(160),""))
```

आलेली उत्तरं कॉपी करून मूळ रकान्यावर Paste Special मधून Values म्हणून चिकटवा. साठ हजार जुळतात.

हा उपाय फक्त रकमांच्या रकान्याला करा. बँक खात्यांच्या क्रमांकांची संख्या केलीत, तर सुरुवातीची शून्यं उडतात. आणि पंधरापेक्षा जास्त अंक असले, तर पंधराव्यानंतरचा प्रत्येक अंक शून्य होऊन बसतो. त्यांची बेरीज कोणालाच नको असते. त्यांना मजकूरच राहू द्या.