विचाराला तीन दिवस



आज आपण एका नेहमीच्या गोष्टीवर बोलणार आहोत. कोणी आपल्या मालाला मोल लावतो आणि म्हणतो, "बोला, हो की नाही?" आपल्याला विचार करायला दोन-चार दिवस हवे असतात. पण मागायचे कसे, हे कळत नाही. वेळ मागितली तर समोरचा उठून जाईल, असे वाटते. नाही मागितली तर फसू, असेही वाटते. मग काही जण घाईने हो म्हणतात, आणि काही नुसतेच गप्प बसतात. दोन्हीत नुकसान आपले.

वऱ्हाडातल्या आणि नागपूरकडच्या संत्रा बागेचे उदाहरण घेऊ. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागात पुष्कळ शेतकरी बाग उक्ती देतात. म्हणजे फळ झाडावर असतानाच सगळ्या बागेचा एका रकमेत सौदा होतो. तोड व्यापारी करतो, गाडीही तोच भरतो.

समजा, एका शेतकऱ्याची दोन एकर बाग आहे. झाडे 220. आंबिया बहाराची फळे आहेत. सप्टेंबर महिना चालू आहे. सोमवारी सकाळी व्यापारी आला, बागेतून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भाऊ, दोन लाख. इसार आत्ता देतो." त्याने खिशातून नोटा काढल्या.

आता इथे पहिली खबरदारी. त्या नोटांना हात लावू नका. "ठेवा तुमच्याजवळ, मग बघू," असे व्यापारी म्हणेल. पण इसार घेतला की सौदा पटला, असे सगळे समजतात. पैसे खिशात ठेवून विचाराला वेळ मागता येत नाही. आधी विचार, मग होकार, मग इसार, हा क्रम सोडू नये.

दुसरे, व्यापाऱ्याला एक साधा प्रश्न विचारा : "शेठ, तोड कधी धरणार?" या एका प्रश्नाने पुष्कळ उलगडते. तो म्हणाला, "दिवाळीनंतर," तर तोडीला अजून कितीतरी आठवडे आहेत. तीन दिवसांनी त्याचे काही अडत नाही. मग "आत्ताच सांगा" ही घाई त्याची नाही, ती तुमच्यावर घातलेली आहे. पण तो म्हणाला, "उद्या मजूर येणार आहेत, गाडी ठरली आहे," तर त्याची निकड खरी असू शकते. तिथे तीन दिवस मागू नयेत. संध्याकाळपर्यंतची वेळ मागावी.

आमच्या उदाहरणातला व्यापारी म्हणाला, "दिवाळी झाल्यावर." मग शेतकऱ्याने काय बोलावे? हे बघा :

"शेठ, तुम्ही बाग पाहून मोल लावलं, बरं वाटलं. आम्हाला तुमच्याशी सौदा करायचा आहे. पण सातबारावर आम्हा दोघा भावांची नावं आहेत. थोरले बंधू नागपूरला असतात. त्यांना विचारतो, फळही एकदा मोजून घेतो. गुरुवारी सकाळी दहा वाजता तुम्हाला पक्कं सांगतो. तोवर दोन लाखाचं मोल कायम ठेवाल ना?"

या बोलण्यात चार गोष्टी आहेत. सौद्याची इच्छा आहे, हे आधी सांगितले. कारण एका वाक्यात सांगितले, आणि ते खरे आहे. दिवस आणि वेळ नेमकी सांगितली. आणि शेवटी मोल कायम राहील का, हे विचारून घेतले. असे बोलणाऱ्याचे वजन कमी होत नाही. हा माणूस घरच्यांना विचारून, हिशेब करून शब्द देतो, आणि दिलेला शब्द पाळेल, एवढेच व्यापाऱ्याला कळते.

वजन कमी कशाने होते, तेही पाहू. "बघू, सांगतो कधीतरी," असे म्हटले की व्यापारी समजतो, याला विकायचेच नाही, किंवा हा दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो आहे. "पोरीचं लग्न आहे, पैशाची नड आहे, पण..." असे म्हटले की त्याला आपली अडचण कळते आणि गुरुवारी मोल खाली येते. तिसरी चूक मोठी आहे. "दुसरा व्यापारी सव्वादोन देतो," अशी थाप मारणे. व्यापारी एकमेकांना ओळखतात. एक फोन केला की खोटे उघडे पडते, आणि मग आपल्या खऱ्या शब्दालाही किंमत उरत नाही.

आता कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. आपल्याकडे 1872 चा भारतीय करार कायदा आहे. त्याप्रमाणे, आपण होकार कळवेपर्यंत समोरच्याला आपले मोल मागे घेता येते. "गुरुवारपर्यंत ठेवतो," असे तो नुसते तोंडाने म्हणाला आणि त्या सवडीसाठी आपण त्याला काही दिले नाही, तर तो बुधवारीही शब्द फिरवू शकतो. तेव्हा सवड मागणे म्हणजे थोडा धोका पत्करणे आहे, हे मनात धरावे. ज्याला हे गिऱ्हाईक गमावणे मुळीच परवडणार नाही, त्याने कमीत कमी सवड मागावी.

याच कायद्यात दुसरी एक खुबी आहे. "मला विचाराला वेळ द्या," असे म्हटल्याने मोल नाकारले असे होत नाही. पण "दोन लाख नको, सव्वादोन द्या," असे म्हटले की पहिले मोल आपण नाकारले, असे धरले जाते. मग "बरं, दोनच द्या," असे म्हणून मागे येता येत नाही. व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागते. म्हणून वेळ मागताना भावाची घासाघीस करू नये. ही दोन बोलणी निरनिराळ्या दिवशी करावीत. आधी वेळ, आणि हिशेब झाल्यावर भाव.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात, त्याचा उपयोग करा. बोलणे झाले की त्याच दिवशी चार ओळी लिहून पाठवा. चिठ्ठी द्या, नाहीतर फोनवर संदेश पाठवा :

"शेठ, नमस्कार. आज सोमवारी तुम्ही आमच्या दोन एकर बागेला 2,00,000 रुपये सांगितले. आम्ही गुरुवारी सकाळी 10 वाजेपर्यंत नक्की कळवतो. तोवर मोल कायम ठेवावे. तुमचा होकार कळवा."

त्याचे "ठीक आहे" असे उत्तर आले की ते जपून ठेवा. त्याने कायद्याने तो बांधला जातो असे नाही. पण काय ठरले, किती रक्कम, कोणता दिवस, यावर पुढे वाद होत नाही. लिहिलेला शब्द फिरवायला माणसाला लाजही वाटते.

वेळ मिळाली, पण ती वापरली नाही तर काय उपयोग? आमच्या शेतकऱ्याने तीन दिवस असे वापरले.

पहिल्या दिवशी फळ मोजले. सगळी झाडे मोजणे शक्य नाही. म्हणून त्याने दर विसाव्या झाडाला खूण केली. भरलेले झाड असो की रिकामे, निवड करायची नाही. अशी 11 झाडे झाली. त्यांवर एकूण 4,180 फळे भरली, म्हणजे एका झाडाला सरासरी 380. तेव्हा 220 झाडांची 83,600 फळे झाली. तोडीपर्यंत काही फळ गळणार, काही किडणार. म्हणून त्याने साधारण दहावा हिस्सा वजा केला आणि 75,000 फळे धरली. दोन लाखांना 75 ने भागले, तर हजार फळांमागे सुमारे 2,667 रुपये पडतात.

दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या गावात चौकशी केली. तिथे तशाच फळाची एक बाग नुकतीच हजार फळांमागे 3,000 रुपयांनी गेली होती. त्या हिशेबाने आपल्या बागेचे सव्वादोन लाख होतात. एका दुसऱ्या व्यापाऱ्यालाही त्याने बाग दाखवली. तो म्हणाला, "दोनच्या आसपास जमेल." हे खरे दुसरे गिऱ्हाईक, थाप नव्हे.

तिसऱ्या दिवशी तो थोरल्या भावाशी बोलला. दोघांनी ठरवले की सव्वादोन मागायचे, दोन लाख दहा हजारांच्या खाली यायचे नाही. आणि हा व्यापारी उठून गेलाच, तर दुसरा दोनच्या आसपास आहे. म्हणजे घासाघीस करण्याचा धोका त्यांनी आधी तोलला, मग पत्करला.

गुरुवारी दहाच्या आधीच त्याने फोन केला. फळाचा हिशेब सांगितला आणि सव्वादोन मागितले. व्यापारी कुरकुरला, पण मोजलेला आकडा समोर होता. सौदा 2,15,000 ला ठरला. इसार घेताना कागदावर आणखी दोन गोष्टी लिहून घेतल्या. इसार दिल्यापासून गळ आणि वादळ यांचे नुकसान व्यापाऱ्याचे, आणि तोड अमुक तारखेच्या आत संपवायची. हे लिहिलेले नसले की पुढे हटकून तंटा होतो.

पण दर वेळी असेच घडेल असे नाही. गुरुवारपर्यंत भावाची गाठ पडली नाही, तर काय करावे? गप्प बसू नये. बुधवारीच कळवावे : "बंधू आज रात्री येतात, शुक्रवारी सकाळी नक्की सांगतो." अशी वाढीव सवड एकदाच मागावी, मुदत संपण्याआधी मागावी, आणि तिचे नवे कारण सांगावे. दुसऱ्यांदा मागितली की आपल्या तारखेला काही अर्थ उरत नाही.

व्यापारी फोन उचलत नसेल, किंवा "बघू, बाजार उतरला," असे म्हणू लागला, तर ओळखावे की त्याचे मन फिरले आहे. त्याच्यामागे धावू नये. धावणाऱ्याला तो आणखी कमी सांगतो. एक निरोप ठेवावा आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळावे.

आणि उत्तर "नाही" असले, तरी ठरल्या वेळी ते स्वतः कळवावे. "शेठ, या वेळी जमत नाही. मोल लावलंत, आभारी आहोत." बाग पुढच्या बहारालाही विकायची असते, आणि व्यापारी बहुधा तेच असतात. ज्याने गुरुवार म्हणून गुरुवारी उत्तर दिले, त्याला पुढच्या वर्षी तीन दिवस मागताना फार बोलावे लागत नाही.