सिद्धार्थाचा गृहत्याग : कथा आणि मूळ कथन



सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची कथा आपण सर्वांनी शाळेतच ऐकली आहे. रथातून नगराबाहेर पडलेल्या राजपुत्राला प्रथम एक वृद्ध दिसतो, मग एक रोगी, मग एक प्रेत आणि शेवटी एक संन्यासी. त्याचे चित्त विटते. मध्यरात्री निद्रिस्त पत्नी व नवजात पुत्र यांना सोडून, कंथक अश्वावर बसून तो निघून जातो. चित्रकारांना आणि नाटककारांना ही कथा फार आवडली, आणि ती सुंदर आहे यात शंका नाही. परंतु गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थाचे वय २९ वर्षांचे होते. एकोणतीस वर्षांच्या, विवाहित, शस्त्रविद्या शिकलेल्या पुरुषाने तोपर्यंत एकही वृद्ध अथवा प्रेत पाहिले नसावे, हे मनाला पटते काय? हाच प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला आहे.

त्यापूर्वी, १९४० साली, आपल्या मराठीतच आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात या कथेची छाननी केली होती. कोसंबींचा जन्म गोमंतकातील साखवाळ गावचा. ज्ञानाच्या ओढीने १८९९ साली त्यांनी स्वतःच घर सोडले होते. गृहत्याग म्हणजे काय, हे त्यांना केवळ पोथीतून ठाऊक नव्हते. पालि ग्रंथ पाहता असे आढळते की, चार दृश्यांची कथा दीघनिकायातील महापदान सुत्तात आहे खरी, पण ती तेथे विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितली आहे. गौतमाला ती पुढील चरित्रकारांनी जोडली. गौतमाच्या तोंडी जे कथन आहे ते निराळे आहे. अंगुत्तरनिकायात तो म्हणतो की, आपणही वृद्ध होणार असून दुसऱ्या वृद्धाला पाहून किळस करणे आपल्याला शोभत नाही, असा विचार मनात आला आणि तारुण्याचा मद गळाला. म्हणजे मुळात तो विचार होता. पुढे त्याचा देखावा झाला.

मध्यरात्रीच्या पलायनाचेही तसेच. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तो सांगतो की, आई-वडिलांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळीत असताना, त्यांच्या देखत आपण केस व दाढी उतरवून घर सोडले. येथे रात्र नाही, घोडा नाही, चोरून जाणेही नाही. रडणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या समोरून पाऊल उचलणे हे अधिक कठीण असते, असे मला वाटते.

मग घर सोडण्याचे कारण कोणते? सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात याचा धागा सापडतो. शस्त्रे उगारून परस्परांशी भांडणारे लोक पाहून, आटत्या पाण्यात तडफडणाऱ्या मासळीप्रमाणे ही प्रजा आपल्याला दिसली आणि भय वाटले, असा त्या कथनाचा आशय आहे. शाक्य आणि कोलीय या दोन कुळांच्या मध्ये रोहिणी नदी वाहत होती, आणि शेतीच्या पाण्यावरून त्यांचा तंटा होई. ही दोन्ही कुळे एकमेकांची सोयरी. अट्ठकथांमध्ये हा तंटा बुद्धत्वानंतरचा मानून, पाण्यापेक्षा रक्ताचे मोल थोर आहे हे पटवून बुद्धाने तो मिटविल्याचे सांगितले आहे. डॉ. आंबेडकरांनी मात्र हाच तंटा गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला.

ती मांडणी आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने अवश्य वाचावी अशी आहे. सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्यांच्या संघाचा सभासद होतो आणि आठ वर्षे निष्ठेने काम करतो. पुढे सेनापती कोलीयांशी युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ विरोध करतो व उपसूचना मांडतो : आपले दोन, त्यांचे दोन, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, आणि या पाचांनी निवाडा करावा. मतदान होते; उपसूचना प्रचंड बहुमताने पडते. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो, आणि सिद्धार्थ आपण सैन्यात जाणार नाही असे उभा राहून सांगतो. तेव्हा सेनापती त्याला जे ऐकवितो ते लक्षात घ्या. देहदंड किंवा हद्दपारी यांना कोसलराजाची संमती लागेल. पण तुझ्या कुटुंबाला वाळीत टाकण्यास आणि तुमच्या जमिनी जप्त करण्यास संघाला कोणालाही विचारावे लागत नाही!

वाळीत टाकणे हे शस्त्र आपल्याला अपरिचित नाही. महाराष्ट्राला त्याविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, इतके ते आपल्या ज्ञातींनी वापरले आहे. सिद्धार्थ संघाला विनवितो की, अपराध माझा आहे, शिक्षा मलाच असू द्या. आणि परिव्रज्या पत्करतो. आई-वडिलांचा व यशोधरेचा निरोप घेऊनच तो निघतो.

या मांडणीतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढे आहे. राजगृहात त्याला पाच परिव्राजक भेटतात व कळवितात की, शाक्य-कोलीयांचा समेट झाला. ज्यासाठी घर सोडले ते कारणच उरले नाही. आता परतण्यास हरकत कोणती? पण विचार करता त्याला दिसते की, कलह दोन कुळांपुरता नाही. तो राजाराजांत आहे, बापलेकांत आहे, एकाच घरात आहे. रोहिणीचा तंटा हे त्याचे एक रूप होते. तो परतत नाही.

पुढील शोधाची हकीकत पुन्हा अरियपरियेसन आणि महासच्चक या सुत्तांतून मिळते. आळार कालामाकडे तो ध्यान शिकतो, गुरूच्या पायरीला पोहोचतो. गुरू त्याला बरोबरीने शिष्यगण सांभाळण्यास सांगतो. उद्दक रामपुत्ताकडे तर आचार्यपदच देऊ केले जाते. दोन्ही ठिकाणी तो पाहतो की, येथे शांती आहे, पण दुःखाचा अंत नाही. म्हणून निघतो. त्यानंतर देहदंडन : श्वास कोंडणे, आहार ओंजळभर कढणापर्यंत आणणे. परंपरा या खडतर साधनेचा काळ सहा वर्षांचा मानते. अखेर तो स्वतःशी हिशेब करतो की, याहून अधिक क्लेश कोणी सोसले नसतील, तरी बोध झालेला नाही. दुसरा मार्ग असेल काय? तेव्हा त्याला बालपण आठवते. वडील शेताच्या कामात असताना जांभळीच्या सावलीत बसल्या बसल्या आपले चित्त सहज स्थिर झाले होते. त्या निर्दोष सुखाला आपण का भितो आहोत, असे तो स्वतःला विचारतो, आणि भात खातो.

बोधीची वाट या भाताच्या घासातून गेली, हे पुष्कळांना रुचत नाही. त्याच्या पाच साथीदारांनाही रुचले नाही. गौतम चैनी झाला, असे म्हणून ते सोडून गेले. एकदा शाक्यांनी बहुमताने एकटे पाडले, आता तपस्व्यांनी. पिंपळाखालील बोध त्याला एकट्यालाच झाला.

आणि बोध झाल्यावर, हे कोणाला सांगावे, असा विचार करताना त्याच्या मनात प्रथम आले ते आळार आणि उद्दक, ज्यांना तो सोडून आला होता! दोघेही निवर्तले होते. मग त्याला ते पाच साथीदार आठवले, आणि तो काशीकडे चालू लागला. वाटेत उपक नावाचा आजीवक भेटला. त्याने सारे ऐकले, असेल बुवा, अशा अर्थाचे काही म्हणून मान हलविली आणि आडवाटेने निघून गेला. बुद्धाचा पहिला श्रोता हा असा.

ऋषिपत्तनात त्या पाच जणांनी त्याला दुरून येताना पाहिले. उठायचे नाही, नमस्कार करायचा नाही, असा त्यांनी आपसात ठराव केला. पण तो जवळ आला तेव्हा एकाने पुढे होऊन त्याचे पात्र व चीवर घेतले, एकाने आसन मांडले आणि एकाने पाय धुण्यास पाणी आणून ठेवले.