अश्वत्थाम्याची आई बोलते



दिवाळीत आपल्या सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. जखमेला लावायला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आईचं, कृपीचं नाव मात्र क्वचितच निघतं. म्हणून आम्ही बचत गटातल्या बायका आज तिच्या तोंडून गोष्ट सांगतो.

"पोरांनी माझ्या लेकाला पाण्यात पीठ कालवून दिलं. 'दूध प्यालो' म्हणत तो नाचला, पोरं हसली. घरात गाय नव्हती. हे जुन्या मित्राकडे, द्रुपद राजाकडे गेले आणि अपमान घेऊन परतले. त्या दिवसापासून घरात दुधाचं नाव निघालं नाही, सूडाचंच निघालं. मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, आधी गाय बघा. पुढे द्रुपदाचं अर्धं राज्य मिळालं, तरी वैर मिटलं नाही. शेवटी माझ्याच लेकानं द्रौपदीची पाच झोपलेली मुलं मारली."

भागवतात द्रौपदी त्याला सोडायला सांगते. मी रडते तशी याची आई रडू नये, असं ती म्हणते. एवढ्या मोठ्या युद्धात कृपीची आठवण झाली, ती लेकरं गमावलेल्या बाईलाच.